एकट्या राहणाऱ्या सासू-सासऱ्यांशी रोजच्या दोन ओळी : आपले अनुभव लिहावेत

निळी_खिडकी (धागाकर्ती)

माझ्या सासूबाईंना जाऊन अडीच वर्षे झाली. सासरे ७६ वर्षांचे असून त्यांनी स्वतःच्याच घरी एकटे राहण्याचा निर्णय घेतला आहे, आणि तो आम्ही मान्य केला आहे. अडचण आमच्या लक्षात आली ती निराळीच. इतकी वर्षे त्या घराशी आमचे सगळे बोलणे सासूबाईंमार्फत चालत असे. सासरे फोन उचलत, "थांब, हिच्याकडे देतो" एवढे म्हणत आणि फोन पुढे करत. सासूबाई गेल्या आणि त्यांच्याबरोबर तो दुवाही गेला. सासऱ्यांशी थेट बोलायची सवय ना मला होती, ना माझ्या नवऱ्याला.

फोनवर दोघांचीही पंचाईत होते म्हणून मी रोज व्हॉट्सअ‍ॅपवर लिहू लागले. पहिले दोन महिने माझे मेसेज असे असत : "जेवलात का?", "गोळी घेतली का?", "झोप लागली का?" उत्तर ठरलेले, "हो". पुढे पुढे तेही बंद होऊन नुसता अंगठा येऊ लागला. आपण विचारपूस करीत नसून हजेरी घेत आहोत, हे मला फार उशिरा समजले.

बदल घडला तो योगायोगाने. आमच्या न्हाणीघराच्या दाराची कडी नीट बसत नव्हती. मी तिचा फोटो काढून त्यांना पाठवला आणि लिहिले, "बाबा, कडी लागते पण दार हलले की निसटते. काय करावे?" दहा मिनिटांत चार ओळींचे उत्तर आले : दार खाली बसले असेल, आधी वरच्या बिजागरीचे स्क्रू आवळून पाहा, तेवढ्याने भागले नाही तर मगच कोंडा थोडा खाली घे, आणि नवे भोक पाडण्यापूर्वी जुने लाकडाच्या काडीने बुजव. संध्याकाळी त्यांनी आपणहून विचारले, "बसली का कडी?" सासूबाई गेल्यानंतर त्यांनी स्वतः सुरू केलेले ते पहिले बोलणे.

तेव्हापासून सकाळी एकच मेसेज पाठवते. त्यात आमच्या घरातली एक खरी गोष्ट असते आणि जमेल तेव्हा ज्याचे उत्तर त्यांनाच ठाऊक आहे असा एखादा प्रश्न. दोन ओळींपेक्षा जास्त लिहीत नाही, कारण लांबलचक मेसेजला तितकेच लांब उत्तर द्यावे लागेल या विचाराने ते उत्तर लांबणीवर टाकतात.

आपण काय करता? आणि उत्तर आले नाही तर कधी, किती घाबरावे, हेही कृपया लिहावे. मला ते अजून ठरवता आलेले नाही.

मुक्कामी

मी जावई आहे. सासूबाईंना कमी ऐकू येते, त्यामुळे फोनवर त्या अर्धे शब्द अंदाजाने भरतात आणि थकतात. लेखी मेसेज त्यांना खरोखर सोयीचा पडतो. अक्षर मोठे करून दिले आहे आणि त्या बोलून टाइप करतात. आपल्या शेवटच्या प्रश्नावर मात्र माझा अनुभव सविस्तर लिहितो, कारण त्या बाबतीत मी चुकलो होतो.

त्यांचे उत्तर साडेसात ते आठच्या दरम्यान येते. एके दिवशी आले नाही. मी पाहिले तर माझ्या मेसेजपुढे दोन करड्या खुणा होत्या. मेसेज पोहोचला आहे, म्हणजे सगळे ठीक असून त्या कामात असतील, असे समजून मी माझ्या कामाला लागलो. पावणेअकराला पुन्हा पाहिले, तरी खुणा करड्याच. फोन केला, वाजत राहिला. शेजारच्या ताईंकडे किल्ली होती. त्यांनी दार उघडले तेव्हा सासूबाई न्हाणीघराबाहेर जमिनीवर बसलेल्या होत्या. सहाच्या सुमारास पाय घसरला होता, मनगट मोडले होते, आणि उठता येत नव्हते. फोन पलंगावर होता आणि माझा मेसेज तिथे निमूटपणे पोहोचलेला होता.

दोन करड्या खुणांचा अर्थ त्यांचा फोन चालू आहे आणि त्याला नेटवर्क आहे, एवढाच. एकच खूण राहिली तर फोन बंद असेल किंवा नेट नसेल, आणि बहुतेक वेळा कारण तितकेच साधे असते. गंमत अशी की एक खूण दिसली की आपण अस्वस्थ होतो आणि दोन दिसल्या की निश्चिंत. माझ्या बाबतीत नेमके उलटे व्हायला हवे होते.

हात बरा झाल्यावर आम्ही दोघांनी बसून क्रम ठरवला. नऊपर्यंत उत्तर नाही, तर मी फोन करायचा. साडेनऊला दुसरा फोन. तोही उचलला नाही, तर किल्लीवाल्या ताईंना कळवायचे. हे सासूबाईंनी स्वतःच्या अक्षरात लिहून ताईंना दिले, म्हणजे दार उघडताना ताईंना संकोच वाटू नये. पहिल्याच महिन्यात एकदा त्या फोन घरी विसरून बाहेर गेल्या आणि ताई दार उघडून आत आल्या. सासूबाईंना ते आवडले नाही, आणि त्यांचे म्हणणे रास्त होते. तेव्हापासून बाहेर पडायचे असेल तर त्या आदल्या रात्रीच "उद्या उशीर" असे दोन शब्द पाठवतात.

सरळमार्गी

इतके करण्याची गरज वाटत नाही. निळी खूण आली की माणसाने मेसेज वाचला, म्हणजे माणूस सुखरूप आहे. माझ्या सासऱ्यांच्या फोनवर निळी खूण बंद होती, ती मी मागच्या भेटीत चालू करून आलो. आता उत्तराची वाटही पाहावी लागत नाही.

अबोली

आपले म्हणणे अर्धे खरे आहे. निळी खूण दिसली म्हणजे त्या वेळी ते संभाषण कोणीतरी उघडले. ते सासऱ्यांनीच उघडले की घरी आलेल्या नातवाने, हे खूण सांगत नाही, आणि त्यानंतरच्या तासाभरात काय झाले तेही नाही. ज्यांनी निळी खूण बंद ठेवली आहे त्यांना ध्वनिमुद्रित मेसेज पाठवला, तर तो ऐकल्याची खूण तरीही दिसते. त्यामुळे सेटिंगला हात लावण्याची गरजही नव्हती. बदल त्यांना विचारून केला असता तर बरे झाले असते, असे मला मनापासून वाटते.

मी १४ वर्षे वृद्धांच्या घरी जाऊन शुश्रूषा करते, आणि माझे स्वतःचे सासरेही एकटे राहतात. रोजच्या मेसेजचा मोठा उपयोग असा की त्या माणसाची नेहमीची रीत आपल्याला ठाऊक होते आणि त्यामुळे बदल चटकन जाणवतो. पूर्ण वाक्ये लिहिणारा माणूस काही आठवडे नुसते अंगठे पाठवू लागला, सकाळी येणारे उत्तर दुपारवर गेले, मेसेज पहाटे तीनला येऊ लागले, कालचाच प्रश्न आज पुन्हा आला, तर प्रत्यक्ष जाऊन भेटावे. त्यामागे झोप उडालेली असेल, खिन्नता असेल, कधी केवळ मोतीबिंदू वाढलेला असेल.

एक-दोन दिवसांतच लिहिणे विस्कळीत झाले, वार-तारखांचा घोळ होऊ लागला, तर ते वयामुळे आहे असे समजून सोडू नये. लघवीचा संसर्ग, अंगातले पाणी कमी होणे किंवा नव्याने सुरू झालेले औषध यांमुळे वृद्ध माणसे अशी अचानक गोंधळतात. त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे. नेहमी नीट लिहिणाऱ्याकडून अचानक अर्थहीन शब्द आले तर मेसेजवर मेसेज न करता लगेच फोन करावा. बोलणे अडखळत असेल, तोंड वाकडे झाले असेल किंवा एक हात उचलत नसेल, तर तो पक्षाघात असू शकतो आणि तिथे एकेक मिनिट मोलाचे असते.

लेखी मेसेजमध्ये आवाज मात्र लपतो. म्हणून आठवड्यातून एकदा तरी मी सासऱ्यांना अर्ध्या मिनिटाचा आवाजी निरोप पाठवते आणि त्यांच्याकडूनही मागते. धाप लागते आहे का, आवाज खोल गेला आहे का, हे त्यातूनच कळते.

घरचीच

सासूबाईंना एकटे ठेवायचेच कशाला, हा माझा प्रश्न आहे. आमच्या सासूबाई आमच्याजवळ असतात आणि शेजारच्या खोलीतून दिवसाला वीस मेसेज पुढे ढकलतात. ते थांबवायचे कसे, हे कोणी सांगितले तर फार बरे होईल.

निळी_खिडकी

आपला प्रश्न वेगळ्या धाग्याचा आहे, तिथे नक्की उत्तरे मिळतील. आमच्या बाबांनी स्वतः एकटे राहणे निवडले आहे. आम्ही त्यांना दोनदा विचारले, दोन्ही वेळा त्यांनी स्पष्ट नकार दिला.

उंबरठा

आमच्याकडे घडलेले लिहिते, कारण हे आधी माहीत असते तर सासऱ्यांना झालेला एक त्रास टळला असता. सासूबाई गेल्यावर त्यांचा फोन बंद करून कपाटात ठेवला होता. त्यांचा नंबर कुटुंबाच्या ग्रुपमध्ये तसाच होता, आणि सासरे रोज सकाळी त्या नंबरवर "सुप्रभात" पाठवत, हे आम्हाला कोणालाच माहीत नव्हते. चारेक महिन्यांनी ग्रुपवर एक ओळ उमटली की त्या नंबराने ग्रुप सोडला आहे. सासऱ्यांचा त्याखाली मेसेज होता : "हिला कोणी काढले?"

कोणीच काढले नव्हते. १२० दिवस न वापरलेले खाते व्हॉट्सअ‍ॅप आपोआप बंद करते. आम्ही समजावून सांगितले, त्यांनी "ठीक" लिहिले, आणि पुढे दहा दिवस काहीच लिहिले नाही. ज्यांच्या घरी असा फोन असेल त्यांनी तो अधूनमधून चालू करून नेटला जोडावा, व्हॉट्सअ‍ॅप उघडावे आणि सिमचे रिचार्ज चालू ठेवावे. रिचार्ज बंद पडले तर काही काळाने तोच नंबर परक्या माणसाला दिला जाऊ शकतो, आणि मग त्या नावासमोर एखादा अनोळखी चेहरा दिसतो. त्या खात्यावरचे जुने संभाषण आधीच बाहेर काढून जपून ठेवावे.

दहा दिवसांनंतर मी त्यांना एवढेच लिहिले, "बाबा, सकाळचा सुप्रभात मला पाठवलात तरी चालेल." त्यांनी लगेच काही पाठवले नाही, पण चौथ्या दिवशी आला.

साधीसून

माझी शंका जरा अवघड आहे. सासूबाई आणि मी, आमचे कधीच फारसे जमले नाही. सासरे गेल्यावर मी रोज लिहू लागले आणि त्या दोन ओळींमध्ये आमचे पहिल्यांदाच बरे चालले आहे, कारण लिहिताना दोघींनाही थांबून विचार करता येतो. पण नवरा आईला काहीच लिहीत नाही. "तू लिहितेसच ना" असे म्हणतो. सासूबाई मात्र माझ्या मेसेजखाली विचारतात, "त्याचे कसे चालले आहे?" मी लिहिणे थांबवले तर तो लिहील का, की त्यांना दोघांकडूनही काहीच येणार नाही?

मुक्कामी

थांबवू नका. पण त्याच्या खबरी तुम्ही देणे बंद करून पाहा. "त्यालाच विचारा, तो आज घरी आहे" असे लिहा.

अबोली

मला तितकीशी खात्री नाही. मुलगा लिहीलच असे नाही, आणि त्या प्रयोगाची झळ आईला बसेल. त्याच्याशी आधी घरात बोलावे.

निळी_खिडकी

मुक्कामी यांचा क्रम वाचून मी आज बाबांना विचारले, "सकाळी नऊपर्यंत तुमचे उत्तर आले नाही, तर साडेनऊला शेजारच्या काकांना फोन केलेला चालेल का?" त्यांचे उत्तर जसेच्या तसे देते : "साडेनऊ नको, दहा. मी फिरून उशिरा येतो. काकांना कमी ऐकू येते, त्यांच्या सुनेचा नंबर पाठवतो." त्याखाली नंबर होता, आणि त्याच्याही खाली, "न्हाणीघराची कडी आता कशी आहे?"