मदत हवी आहे : महिन्याच्या मध्येच पगारवाढ लागू झाल्यास त्या महिन्याचा पगार कसा काढावा?

नमस्कार. एका लहान संस्थेत पगारपत्रक तयार करण्याचे काम नुकतेच माझ्याकडे आले आहे. आमच्या एका सहकाऱ्याचा मासिक पगार ४२,००० होता आणि पगारवाढीच्या पत्रानुसार तो १७ तारखेपासून ४८,००० झाला आहे. महिना ३१ दिवसांचा आहे. आजवर सर्वांची वाढ महिन्याच्या १ तारखेपासूनच लागू होत असे, त्यामुळे एकाच महिन्याचे दोन भाग करण्याची वेळ आमच्याकडे कधी आली नव्हती.

मी पहिले १६ दिवस जुन्या पगाराचे आणि उरलेले १५ दिवस नव्या पगाराचे धरले. बिनपगारी रजेची कपात करताना आमच्याकडे एका दिवसाचा पगार काढण्यासाठी मासिक पगाराला ३० ने भागतात, म्हणून येथेही तेच केले. जुन्या दराने १६ दिवसांचे २२,४०० आणि नव्या दराने १५ दिवसांचे २४,००० असे एकूण ४६,४०० आले. आधी हे काम पाहणाऱ्या सहकाऱ्यांनी मात्र आकडा ४४,९०३.२३ असायला हवा असे सांगितले. दोन्ही उत्तरांत जवळजवळ दीड हजाराचा फरक आहे आणि तो नेमका कोठून येतो हे मला कळलेले नाही. शिवाय संबंधित व्यक्तीची ८ तारखेला एक दिवस बिनपगारी रजा झाली आहे; ती कपात जुन्या दराने करावी की नव्या? पगारपत्रक पुढे पाठवण्यापूर्वी हिशोब पक्का करायचा आहे. जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

— पूर्वरंग

समासरेषा : एवढे खोलात जाण्याची खरोखर गरज नाही. वाढ महिन्याच्या साधारण मध्यावर लागू झाली आहे, तेव्हा दोन्ही पगारांची सरासरी घ्यावी. ४२,००० आणि ४८,००० यांची सरासरी ४५,००० येते. आमच्या कार्यालयात प्रत्येक महिना ३० दिवसांचाच धरतात आणि त्या पद्धतीनेही उत्तर ४५,००० च येते, कारण १५ दिवस जुने आणि १५ दिवस नवे.

जमाखर्च : पूर्वरंग, आपण दिवसांचे भाग बरोबर पाडले आहेत. १७ तारीख स्वतः नव्या पगारात मोडते, म्हणून नवे दिवस ३१ वजा १७ अधिक १, म्हणजे १५ होतात. तो अधिक १ पुष्कळ जणांकडून राहून जातो आणि कर्मचाऱ्याची एका दिवसाची वाढ बुडते. आपल्याकडे तसे झालेले नाही. फरक पडला आहे तो भाजकामुळे. दिवस आपण ३१ मोजले आणि भागले मात्र ३० ने, त्यामुळे महिन्यात एक दिवस जास्तीचा शिरला.

हे ताडून पाहण्याचा सोपा मार्ग असा की पगारवाढ शून्य आहे असे समजून तोच हिशोब पुन्हा करावा. जुना आणि नवा पगार दोन्ही ४२,००० धरले, तर उत्तर ४२,००० च यायला हवे. आपल्या पद्धतीने ४२,००० भागिले ३० गुणिले ३१, म्हणजे ४३,४०० येतात. वाढच नसताना १,४०० जास्त निघत असतील, तर वाढ असतानाही उत्तर फुगलेलेच असणार. फेब्रुवारीत हीच पद्धत उलट फिरते. २८ दिवस मोजून ३० ने भागले की वाढ मिळालेल्या माणसाच्या हातात दोन दिवसांचा पगार कमी पडतो, आणि त्या महिन्यात तक्रार हमखास येते. ३१ दिवसांच्या महिन्यात जास्त पैसे गेले तर सहसा कोणी बोलत नाही, म्हणून ही चूक वर्षानुवर्षे तशीच चालू राहते.

आपल्या सहकाऱ्यांनी महिन्याचे खरे दिवस मोजले आणि त्याच संख्येने भागले. जुन्या दराने १६ दिवसांचे २१,६७७.४२ आणि नव्या दराने १५ दिवसांचे २३,२२५.८१, एकूण ४४,९०३.२३. मी स्वतः हे दोन तुकडे करीत नाही. पूर्ण महिन्याचा जुना पगार घ्यावा आणि त्यात फक्त वाढीचा भाग मिळवावा : वाढ ६,०००, तिचे ३१ पैकी १५ दिवस, म्हणजे २,९०३.२३. उत्तर तेच येते. मात्र या मांडणीत भाजक चुकला तरी चूक वाढीच्या रकमेपुरती मर्यादित राहते, संपूर्ण पगारावर पसरत नाही. एक्सेलमध्ये B1 ला जुना पगार, B2 ला नवा पगार आणि B3 ला लागू तारीख असेल, तर सूत्र असे होईल :

```
=B1+(B2-B1)*(EOMONTH(B3,0)-B3+1)/DAY(EOMONTH(B3,0))
```

महिना २८ चा असो वा ३१ चा, यात हाताने काही बदलावे लागत नाही.

समासरेषा : मग आमची ३० दिवसांची पद्धत चुकीची आहे असे आपले म्हणणे आहे का? अनेक ठिकाणी तीच चालते.

जमाखर्च : नाही, ती चुकीची नाही. सर्व महिने ३० चे मानायचे असतील तर मोजलेल्या दिवसांची बेरीजही ३० च भरली पाहिजे, एवढीच तिची अट आहे. खरी अडचण पुढे येते. ३१ दिवसांच्या महिन्यातला एक दिवस सोडायचा, तो कोणता? जुने १६ दिवस कायम ठेवून नवे १४ धरले तर ४४,८०० होतात; नवे १५ कायम ठेवून जुने १५ धरले तर ४५,००० होतात. नियम एकच असूनही दोन उत्तरे येतात आणि त्यांत २०० चा फरक पडतो, म्हणजे एका दिवसाच्या वाढीएवढा. आपण दुसरी रीत वापरली, ती कर्मचाऱ्याच्या बाजूने झुकणारी आहे. ती चालेल, पण एका कर्मचाऱ्याला एक रीत आणि दुसऱ्याला दुसरी असे होऊ नये.

सरासरीचे मात्र पटत नाही. येथे तिचे उत्तर जुळले, कारण ३० च्या हिशोबात योगायोगाने दोन्ही बाजूंना पंधरा-पंधरा दिवस पडले. लागू तारीख २३ असती तर सरासरीने तेच ४५,००० सांगितले असते, आणि प्रत्यक्षात नवे दिवस फक्त ९ असते.

सायंतारा : माझाही प्रश्न असाच आहे, म्हणून येथेच विचारते. मला ४,५०० ची वाढ ११ तारखेपासून मिळाली, पण पत्र दोन महिने उशिरा आले. महिना ३० दिवसांचा होता. कार्यालयाने फरकाची रक्कम पुढच्या पूर्ण महिन्यांची दिली, पहिल्या महिन्याचे काहीच दिले नाही. वाढ महिन्याच्या मध्ये असेल तर ती पुढच्या महिन्यापासूनच धरतात, असे मला सांगण्यात आले. हे बरोबर आहे का?

जमाखर्च : सायंतारा, आपला प्रश्न थकबाकीचा आहे आणि पूर्वरंग यांचा चालू महिन्याचा, पण पहिल्या महिन्याचा हिशोब दोन्हीकडे सारखाच होतो. पत्रात लागू तारीख ११ लिहिली असेल, तर ११ ते ३० असे २० दिवस आपल्या वाढीचे आहेत. ४,५०० चे ३० पैकी २० दिवस, म्हणजे ३,०००. “पुढील महिन्याच्या १ तारखेपासून” असे शब्द पत्रात असतील तर गोष्ट वेगळी. म्हणून आधी पत्र काढून ते वाक्य पाहा आणि मग लेखी विचारणा करा.

निरंतर : चर्चेत एक पद्धत राहिली आहे. आमच्याकडे फक्त कामाचे दिवस मोजतात, शनिवार-रविवार धरीत नाहीत. पूर्वरंग, आपल्या महिन्यात १ तारखेला कोणता वार होता?

पूर्वरंग : गुरुवार. आमच्याकडेही शनिवार-रविवार सुट्टी असते.

निरंतर : मग महिन्यात कामाचे दिवस २२ झाले आणि १७ तारीख शनिवारी आली. त्यापूर्वीचे कामाचे दिवस १२, नंतरचे १०. वाढीचे ६,००० गुणिले १० भागिले २२, म्हणजे २,७२७.२७, आणि एकूण ४४,७२७.२७. या पद्धतीत वाढ १७ पासून दिली काय आणि सोमवारी १९ पासून दिली काय, पगार तोच राहतो. आमच्याकडे यावरून एकदा बराच वाद झाला होता. पत्रात शनिवारची तारीख घालण्यामागे त्या दोन दिवसांची वाढ द्यायची असा हेतू होता की तारीख सहज घातली गेली, हे शेवटपर्यंत कोणालाच ठामपणे सांगता आले नाही. तासांवर किंवा रोजावर काम करणाऱ्यांना हीच पद्धत योग्य वाटते. ठरावीक मासिक पगार असेल तर मी ती सुचवणार नाही.

पूर्वरंग : आपणा सर्वांचे आभार. आता फरक नीट समजला. वाढ शून्य धरून पाहण्याची कसोटी मी लगेच लावून पाहिली आणि महिन्याच्या खऱ्या दिवसांच्या पद्धतीत ती बरोबर उतरते. रजेबद्दल मात्र अजून संभ्रम आहे. आमच्या संगणक प्रणालीने ८ तारखेच्या रजेसाठी १,५४८.३९ कापले आहेत, म्हणजे नव्या पगाराचा ३१ वा हिस्सा.

जमाखर्च : माझ्या मते ते योग्य नाही. ज्या दिवशी माणूस आला नाही, त्या दिवसाचा जो पगार त्याला मिळाला असता तोच कापावा. ८ तारखेला तो जुन्या पगारावर होता, म्हणून कपात १,३५४.८४ ची हवी आणि देय पगार ४३,५४८.३९ होतो. पडताळा घ्यायचा असेल तर जुने दिवस १६ ऐवजी १५ धरून पहिली मांडणी पुन्हा करा, २०,३२२.५८ अधिक २३,२२५.८१, बेरीज तीच येते. प्रणालीच्या कपातीत १९३.५५ जास्त गेले आहेत. बऱ्याच प्रणाली महिनाअखेरीस कर्मचाऱ्याच्या नोंदीत असलेला पगार उचलतात आणि सगळ्या रजांना तोच दर लावतात, म्हणून वाढीच्या महिन्यात रजांची कपात हाताने तपासावी लागते.

येथेही भाजक तोच ठेवा. पगार ३१ ने आणि रजा ३० ने, असे एकाच पत्रकात झाले तर महिनाभर गैरहजर असणाऱ्याचा पगार शून्याच्याही खाली जाईल.

निरंतर : यावर माझे मत थोडे वेगळे आहे. आमच्या नियमावलीत बिनपगारी रजेची कपात “चालू पगाराच्या दराने” करावी असे लिहिले आहे, आणि लेखापरीक्षकांनी त्याचा अर्थ पगारपत्रकाच्या दिवशीचा पगार असा लावला होता. जमाखर्च यांचे म्हणणे मला अधिक न्याय्य वाटते, पण लिखित नियम असेल तेथे तो बदलून घेतल्याशिवाय वेगळे करता येत नाही.

पूर्वरंग : आमच्या नियमावलीत दोन्हींपैकी काहीच लिहिलेले नाही; रजेसाठी ३० ने भागण्याची केवळ प्रथा आहे. तेव्हा पगारासाठी ३१ धरून रजेसाठी ३० ठेवणे आता मलाही पटत नाही. दोन्हींसाठी एकच भाजक ठरवून द्यावा आणि रजेचा दर रजेच्या तारखेचा असावा, असे टिपण व्यवस्थापनाला देत आहे. त्यांचा निर्णय येईपर्यंत या महिन्यात ४३,५४८.३९ ची रक्कम मंजुरीसाठी पाठवते आणि सोबत वरची मांडणी जोडते.

समासरेषा : टिपणात ३० दिवसांचा पर्यायही मांडावा, ही विनंती. वर्षभर दिवसाचा दर सारखा राहतो, ही कर्मचाऱ्यांना समजायला फार सोपी गोष्ट आहे.

जमाखर्च : अवश्य मांडावा, फक्त ३१ वा दिवस कोणत्या बाजूचा सोडायचा हे त्याच वाक्यात लिहावे. आणि पूर्वरंग, दिवसाचा दर आधी पूर्णांकात आणून मग गुणू नका. १,३५५ गुणिले ३१ केले की ४२,००५ होतात. रक्कम पूर्णांकात आणायची असेल तर ती शेवटच्या बेरजेवर, एकदाच.