नातेवाइकांना पाठवायचं व्हिसाचं निमंत्रणपत्र: तुमचे अनुभव लिहा

मिरजेची_लेक (रेडिंग, इंग्लंड)

गेल्या वर्षी माझ्या आईचा ब्रिटनचा व्हिजिटर व्हिसा नाकारला गेला. दुसऱ्या अर्जात तो मिळाला. मधल्या काळात बदललं ते मुख्यतः माझं पत्र आणि त्याला जोडलेले कागद. पत्र इंग्रजीत होतं, इथे त्याचा अर्थ मराठीत देते.

पहिलं पत्र चारच वाक्यांचं होतं. ‘माझं बाळंतपण झालं असून आई काही महिने माझ्याकडे राहायला येत आहे. ती बाळाला सांभाळेल. तिचा सगळा खर्च मी करेन. ती वेळेत परत जाईल याची मी हमी देते.’ लिहिताना मला ते अगदी सरळ वाटलं होतं. नकाराचं पत्र वाचल्यावर प्रत्येक वाक्यातली गफलत दिसली.

‘काही महिने’ म्हणजे किती, ते कुठेच नव्हतं. अर्जात आम्ही सहा महिने टाकले होते, कारण व्हिसा तेवढ्याचा मिळतो. पण सहा महिने मिळू शकतात याचा अर्थ सहा महिने मागावेत असा होत नाही. घरी नवरा आणि म्हातारी आई असलेली बाई सहा महिने का राहील, हा प्रश्न अधिकाऱ्याला पडणारच.

‘बाळाला सांभाळेल’ हे सगळ्यात महाग पडलं. आजीने नातवाकडे बघायला इथले नियम हरकत घेत नाहीत. भेट थोड्या दिवसांची असावी आणि त्या सांभाळण्याला दाईच्या नोकरीचं रूप येऊ नये, एवढंच. माझ्या वाक्यावरून मात्र असं वाटत होतं की मी कामावर जाणार आणि आई पाळणाघराची जागा घेणार. खरं तर मी नोव्हेंबरपर्यंत बाळंतपणाच्या रजेवर होते आणि त्यानंतरसाठी नर्सरीत जागाही ठरली होती. ते मी लिहिलंच नव्हतं.

पैशांचा घोळ वेगळाच. पत्रात ‘सगळा खर्च मी’, अर्जात ‘आई स्वतः दोन लाख खर्च करेल’, आणि आईच्या खात्यात अर्जाच्या आठवडाभर आधी दीड लाख एकदम जमा झालेले. ते बाबांनी मुदत ठेव मोडून टाकले होते, पण त्याचा कागद जोडला नव्हता. शिवाय माझ्या पगाराच्या पावत्या रजेच्या काळातल्या, म्हणजे नेहमीच्या निम्म्याहून कमी. सगळा खर्च करणारी मी, आणि पुरावा सांगतो की माझ्याकडे फार पैसे नाहीत.

दुसरं पत्र मी आणि नवऱ्याने मिळून सही करून दिलं. त्यातला गाभा असा होता:

‘माझी आई 2 मे ते 26 जून अशी 56 दिवसांसाठी येणार आहे. फेब्रुवारीत जन्मलेल्या पहिल्या नातीला भेटणं आणि आमच्यासोबत राहणं हा हेतू आहे. मी स्वतः नोव्हेंबरपर्यंत रजेवर घरी आहे, रजेचं पत्र जोडलं आहे. नंतर बाळ नर्सरीत जाईल, नोंदणी जोडली आहे. आई आमच्या दोन खोल्यांच्या भाड्याच्या घरी राहील, घरमालकाची लेखी संमती जोडली आहे. राहणं, जेवण आणि इथला प्रवास यांचा खर्च आम्ही दोघं करू. नवऱ्याचा हातात येणारा पगार महिना 2480 पौंड आहे, भाडं, बिलं आणि घरखर्च जाऊन सुमारे 550 पौंड उरतात, सहा महिन्यांची बँक विवरणं जोडली आहेत. विमानाचं तिकीट आणि प्रवास विमा आई स्वतःच्या पेन्शन खात्यातून घेईल.’

हमीचं वाक्य काढून टाकलं. माझी आई परत जाईल हे माझ्या शब्दाने सिद्ध होत नाही, ते तिच्या बाजूनेच दिसावं लागतं. म्हणून तिने स्वतः वेगळं पत्र लिहिलं: नव्वदीच्या आजीला ती आणि मावशी आळीपाळीने सांभाळतात, आणि जुलैपासून तिची पाळी आहे. सोबत बाबांच्या नावावरचा सातबारा, पेन्शनचे कागद आणि मोडलेल्या मुदत ठेवीची पावती. आजीच्या पाळीला कोणता कागद जोडणार? तरी ते खरं होतं, म्हणून लिहिलं.

तुम्ही पत्रात काय बदललं, कशामुळे अडकलात, ते लिहा.

स्टुटगार्टचा_अनिकेत

जर्मनीत गोष्ट वेगळी आहे, आणि ती न कळल्यामुळे आमची दोन महिन्यांची धावपळ झाली. भावाला बोलावताना मीही ताईंसारखंच साधं निमंत्रणपत्र लिहिलं होतं. भाऊ खर्च स्वतः करणार असता तर ते चाललं असतं. पण तो तेव्हा शिकत होता, म्हणून माझ्याकडून बंधपत्र मागितलं गेलं. इथे त्याला ‘फेरप्फ्लिख्टुंग्सएर्क्लेरुंग’ म्हणतात. ते घरी लिहून चालत नाही. परदेशी नागरिकांच्या कार्यालयात जाऊन, पगाराच्या पावत्या आणि भाडेकरार दाखवून, 29 युरो भरून त्यांच्याच छापील नमुन्यावर घ्यावं लागतं. सही करण्याआधी नीट वाचा. पाहुण्यावर सरकारी पैसा खर्च झाला, उदाहरणार्थ दवाखाना, तर पाच वर्षांपर्यंत तो तुमच्याकडून वसूल होऊ शकतो. ब्रिटनचं पत्र म्हणजे आश्वासन, हे मात्र कर्जाच्या जामिनासारखं आहे.

आणि तारखांबद्दल एक. मी ‘1 जून ते 31 ऑगस्ट, तीन महिने’ लिहिलं होतं. ते 92 दिवस होतात. शेंगेनमध्ये, म्हणजे जर्मनीसह युरोपातल्या सामाईक व्हिसाच्या देशांत, 180 दिवसांत 90 दिवस चालतात आणि येण्याचा व जाण्याचा दिवस दोन्ही मोजतात. म्हणजे 1 जूनला उतरलेल्याने 29 ऑगस्टपर्यंत बाहेर पडायला हवं. ‘तीन महिने’ कधी लिहू नका. कॅलेंडर घ्या, बोटाने दिवस मोजा आणि दोन्ही तारखा लिहा.

सातारचे_आजोबा

मुलगा मँचेस्टरला आहे. त्याने मला बोलावलं, पण पत्रात भावनेच्या भरात ‘वडिलांना संपूर्ण इंग्लंड, स्कॉटलंड आणि जमलं तर पॅरिस दाखवायचं आहे’ असं लिहिलं. अर्जात आम्ही मुलाला भेटणं हे कारण दिलं होतं. सुनेच्या ते लक्षात आलं. तिने पॅरिस काढलं, कारण तिथला व्हिसाच वेगळा. स्कॉटलंडचे चार दिवस तारखांसह ठेवले आणि बाकी मुलाच्या घरी मुक्काम असं लिहिलं.

माझी मुलाखत झालीच नाही. पुण्याच्या केंद्रावर फोटो आणि बोटांचे ठसे घेतले, बस. मी मनात उत्तरं पाठ करून गेलो होतो. म्हणून सांगतो, तिकडे आपण बोलत नसतो, आपले कागदच बोलत असतात. पत्र आणि अर्ज शेजारी ठेवून एकेक ओळ जुळवा.

नागपूर_ते_न्यूजर्सी

मला वाटतं तुम्ही पत्राला फारच महत्त्व देत आहात. माझ्या आईवडिलांची मुंबईला बीकेसीच्या अमेरिकन वकिलातीत मुलाखत झाली. अधिकाऱ्याने पत्र बघितलंसुद्धा नाही. कुठे जाणार, किती दिवस, मुलगा काय करतो, तुमचं इकडे काय आहे, एवढंच विचारलं. तीन मिनिटांत काम झालं. पत्र लागतच नाही.

मिरजेची_लेक

दादा, अमेरिकेपुरतं तुमचं बरोबर आहे. तिथे पाहुण्याच्या व्हिसासाठी निमंत्रणपत्र आवश्यकच नाही, अर्जदाराला स्वतःच्या बळावर पटवावं लागतं. पण तुमच्या आईवडिलांना तोंडी सांगता आलं. माझ्या आईला कोणी काही विचारलंच नाही. म्हणून इथे ते काम पत्राला करावं लागतं.

कोथरूडची_मावशी

आमच्या एजंटने सांगितलं की पत्र शंभराच्या स्टॅम्प पेपरवर, नोटरी करून पाठवायचं, नाहीतर ते ग्राह्य धरत नाहीत. आणि पक्कं तिकीट काढूनच अर्ज करायचा, म्हणजे परत येणार हे दिसतं. आम्ही दोन्ही केलं. व्हिसा नाकारला आणि तिकिटाचे सत्तर हजार गेले. कॅनडाला भाचीकडे जायचं होतं.

एडमंटनवासी

मावशी, वाईट वाटलं. निर्णय होईपर्यंत तिकीट काढू नये, हे आधी सांगायला हवं होतं तुम्हाला. नोटरीचं मात्र एजंट पूर्ण चुकीचं बोलला नाही. कॅनडाची काही व्हिसा कार्यालयं नोटरी मागू शकतात, पण सरसकट नाही, आणि भारतातला स्टॅम्प पेपर तर नाहीच. पत्र बोलावणाऱ्याने लिहायचं असतं, म्हणून नोटरी झालीच तर ती इकडची, कॅनडातली.

मी सासूबाईंना बोलावलं तेव्हा माझ्या पत्रात एक गोष्ट राहिली होती. कॅनडाला बोलावणाऱ्याची जन्मतारीख, पत्ता, नोकरी आणि इथे राहण्याच्या कायदेशीर दर्ज्याचा पुरावा लागतो, शिवाय घरात एकूण किती माणसं आहेत हेही सांगायचं असतं. मी माझं, नवऱ्याचं आणि मुलीचं नाव दिलं, पण आमच्याकडे राहणारा दीर विसरले. त्याचं नाव सासूबाईंच्या अर्जात मात्र होतं. पाठवण्याआधी नवऱ्याच्या ध्यानात आलं म्हणून वाचलो. तुमच्या भाचीने स्वतःचं पत्र काय लिहिलं होतं? ते पाहायला मिळेल का?

कोथरूडची_मावशी

एजंटनेच लिहिलं होतं. भाचीने फक्त सही करून स्कॅन पाठवलं. आता वाचते तर तिच्या नोकरीचं नाव जुन्या कंपनीचं आहे.

ठाण्याचा_पराग

माझ्या आईला कायमचं लंडनला आणायचं आहे. पत्रात किती वर्षं लिहू? दोन चालतील का?

सातारचे_आजोबा

बाळा, हे भेटीचं पत्र आहे. कायमचं राहायचं तर तो मार्ग आणि अर्ज वेगळा, आणि तो खूप कठीण असतो असं मुलगा सांगतो. तिथल्या वकिलाला विचार. भेटीच्या पत्रात ‘कायमचं’ हा शब्द चुकूनही आणू नकोस, आणि तसा विचार असेल तर भेटीचा अर्जही करू नकोस.

स्टुटगार्टचा_अनिकेत

ताई, एक विचारायचं होतं. दुसऱ्या अर्जात आधीच्या नकाराचा उल्लेख तुमच्या पत्रात केला होता का?

मिरजेची_लेक

अर्जात आधीच्या नकाराबद्दल प्रश्न असतो, तिथे खरं आणि पूर्ण लिहिलंच. तिथे लपवलं तर पुढचे सगळे अर्ज बिघडतात. पत्राबद्दल मात्र आमच्या घरातच एकमत नव्हतं. नवऱ्याचं म्हणणं, पत्रात नव्या गोष्टी असाव्यात, जुनी जखम कशाला? मला वाटत होतं, कशामुळे नाकारला आणि आता काय वेगळं आहे हे सांगितल्याशिवाय वाचणारा जुनाच धागा पकडेल. शेवटी आईच्या पत्रात दोन ओळी टाकल्या: दीड लाख कुठून आले, आणि मुक्काम सहा महिन्यांऐवजी 56 दिवस का. माझ्या पत्रात टाकलं नाही. ते बरोबर होतं का, अजून ठरवता आलेलं नाही.

एडमंटनवासी

मी असते तर दोन्ही पत्रांत टाकलं असतं. पण तुमच्या आईंना व्हिसा मिळाला, त्यामुळे मी फार जोर देत नाही. मावशी, भाचीला स्वतःच्या हाताने पत्र लिहायला सांगा आणि पाठवण्याआधी इथे टाका, नावं आणि पत्ते झाकून. अर्जाची प्रतही शेजारी ठेवा, दोन्ही एकत्र बघू.