एक टक्का कशावर जातो?

"म्युच्युअल फंडाच्या रेग्युलर प्लॅनमध्ये वितरकाच्या कमिशनमुळे डायरेक्ट प्लॅनपेक्षा खर्च वर्षाला एकच टक्का जास्त, त्याने काय बिघडतं?"

बिघडतं, कारण तो टक्का भरलेल्या रकमेवर नाही, साठलेल्या सगळ्या रकमेवर दरवर्षी जातो, आणि रोज एनएव्हीतूनच, म्हणजे युनिटच्या किमतीतूनच, वजा होत असल्याने जाणवत नाही. १० लाख एकरकमी गुंतवले, डायरेक्टमध्ये १२ टक्के आणि रेग्युलरमध्ये ११ टक्के परतावा धरला, तर १० वर्षांनी फरक २.७ लाखांचा, २० वर्षांनी सुमारे १६ लाखांचा आणि ३० वर्षांनी जवळपास ७१ लाखांचा!

मी मात्र घाईने सगळं एकदम डायरेक्टमध्ये वळवलं, ती चूक झाली. स्विच ही विक्रीच धरतात, त्यामुळे नफ्यावर कर बसला. आधी नवीन एसआयपी डायरेक्टमध्ये सुरू करा, जुने युनिट टप्प्याटप्प्याने हलवा. सहामाही सीएएसमध्ये, म्हणजे सगळ्या फंडांच्या एकत्रित खातेउताऱ्यात, वितरकाला गेलेलं कमिशन रुपयांत छापलेलं असतं, ते जरूर बघा.