अरुंद स्तंभातली भगदाडं

“कोल्हापूरच्या आमच्या अंकात स्तंभ जस्टिफाय केला की शब्दांमध्ये भगदाडं पडतात. काय करू?”

‘पंचगंगेच्या काठावर महानगरपालिकेच्या’ ही ओळ घ्या. तिसरा शब्द मावत नाही, म्हणून अख्खा खाली जातो. वर दोनच शब्द उरतात आणि सगळी शिल्लक जागा त्यांच्यातल्या एकुलत्या फटीत जाते. आपले प्रत्यय शब्दाला चिकटतात, त्यामुळे मराठीत हे फार होतं.

शब्द जोडावर तोडा: ‘महानगर-’ वर, ‘पालिकेच्या’ खाली. नुसतं ‘च्या’ खाली नको, आणि जोडाक्षर कधीच फोडू नका. साधी जोडरेघही टंकू नका, मजकूर सरकला की ती ओळीच्या मधोमध उरते. सॉफ्ट हायफन (U+00AD) वापरा, तो शब्द तुटला तरच दिसतो. तरीही फटी राहिल्या तर उजवी कड मोकळी सोडा. मला तरी तीच वाचायला बरी वाटते.