मदत हवी आहे: कथेत बसमधली कविता कशी दाखवू?

नमस्कार मंडळी, एक लघुकथा लिहितोय आणि बसच्या प्रसंगावर पंधरा दिवस अडकलोय. नायक भोसरी एमआयडीसीत सीएनसी ऑपरेटर, थर्ड शिफ्ट करून सकाळी सातला सुटतो, हाताला कूलंटचा वास, डोळे चुरचुरतायत आणि रात्रभर मोजलेले जॉब बसमध्येसुद्धा डोक्यात मोजणं चालूच. शेजारी कॉलेजच्या मुलीच्या मांडीवर पुस्तक उघडंय, त्यातली कविता तो तिरक्या नजरेने वाचतो. पहिल्या ड्राफ्टमध्ये मी त्याला रडवलं, "जगण्याचा अर्थ कळला" असंही लिहिलं, पण वाचून मलाच खोटं वाटलं. एवढा दमलेला माणूस अख्खी कविता कुठून वाचेल, चारच ओळी, त्यातली एक दोनदा. मग मुलगी पान उलटते, कविता अर्धीच राहते, आणि त्याच्या लक्षात येतं की मघापासून आकडे थांबलेत. हे मला पटतंय.

अडचण ओळींची आहे. मनात नारायण सुर्वे होते, पण ते २०१० ला गेले, आपल्याकडे कॉपीराइट कवीच्या मृत्यूनंतर ६० वर्षं राहतो, म्हणजे छापायला परवानगी हवी. केशवसुत १९०५ ला गेले, त्यांच्या ओळी मोकळ्या आहेत, पण ती भाषा पेंगणाऱ्या माणसाला पटकन भिडेल का? की ओळी न देता एखादाच शब्द द्यावा? आणि नाइट शिफ्ट केलेल्यांनी प्लीज सांगा, सकाळी बसमध्ये डोळ्यांपुढे अक्षरं टिकतात का हो?