चार प्रसंगांच्या लघुपटाचा स्टोरीबोर्ड: अँगल कसे लिहायचे?

कोरा_कागद: कथा थोडक्यात अशी. मुलगा घरी येतो, आईला त्याच्या खिशात पत्र सापडतं, टेबलाशी दोघांची वादावादी होते आणि शेवटी रिकामी खुर्ची दिसते. चार प्रसंगांची चार चित्रं काढली. कॅमेरावाला मित्र म्हणतो, ‘यावरून शूट कसं करू?’ तिसऱ्या प्रसंगाखाली मी लिहिलंय: ‘आईच्या उजव्या खांद्यामागून मुलगा, मग मुलाच्या उजव्या खांद्यामागून आई.’ चुकलंय का? चित्रकला यथातथाच आहे.

पेन्सिलतुकडा: टॅबलेट घे. मी माझ्या कार्टूनचे दोनशे फ्रेम त्यावरच काढले.

कोरा_कागद: ॲनिमेशन नाही हो, खरी माणसं आहेत :)

तिपाई: चूक त्या दुसऱ्या ‘उजव्या’त आहे. आधी खोलीचा वरून दिसेल तसा नकाशा काढ. डावीकडे आईचा गोल, उजवीकडे मुलाचा, दोघांना समोरासमोर टोकदार नाकं. मधून एक रेघ मार आणि सगळे कॅमेरे रेघेच्या खालच्याच बाजूला ठेव. आता बघ, त्या बाजूला आईचा उजवा खांदा येतो, पण मुलाचा डावा. दोन्हीकडे उजवा घेतलास की कॅमेरा रेघ ओलांडतो. मग दोघंही पडद्यावर एकाच दिशेला बघतात आणि एकमेकांशी बोलतायत असं वाटतच नाही.

चौकटींतही नाकाच्या दिशेने बाण काढ. मुलाचा बाण डावीकडे, आईचा उजवीकडे हवा. दोन्ही एकाच बाजूला गेले तर चूक कागदावरच सापडली.

आणि चौकट प्रसंगाला एक नाही, शॉटला एक. ८ बाय साडेचार सेंटिमीटर पुरते. खाली एवढंच लिही: ‘आईच्या उजव्या खांद्यामागून, बसलेल्या डोळ्यांच्या उंचीवर, मुलगा छातीपासून वर.’ नुसतं ‘क्लोज-अप’ लिहिलंस तर कॅमेरा कुठे ठेवायचा ते त्याला कळत नाही.

बिनपडदा: आई वरचढ ठरते ना? मग तिला लो अँगलच हवा, नियमच आहे तो.

तिपाई: नियम कसला! खालून घेतलेला माणूस बहुधा दांडगा वाटतो, पण दर वेळी नाही. इथे मुलगा तावातावाने उठला आणि कॅमेरा बसलेल्या उंचीवरच राहिला, तर लो अँगल आयता त्याला मिळतो. नको असेल तर त्या क्षणासाठी वेगळी चौकट काढ आणि उंची बदलल्याचं लिही.

कोरा_कागद: नकाशा काढला. खांदा खरंच चुकला होता. तिसऱ्या प्रसंगाच्या आता सात चौकटी झाल्यात, पहिल्याच्या दोनच. पण पत्र टेबलावर आपटल्यावर मुद्दाम रेघ ओलांडली तर? सगळं उलटंपालटं झालंय, असं वाटावं म्हणून.

बिनपडदा: ओलांड बिनधास्त.

तिपाई: मी असतो तर आधी पत्राचा क्लोज-अप घातला असता. त्याला डावी-उजवी बाजू नसते, त्यामुळे पुढचा शॉट पलीकडून आला तरी झटका कमी बसतो. पण तुला झटकाच हवाय. दोन्ही चौकटी काढून मित्राला दाखव. मला अजून पटलेलं नाही.