उत्तर: हॉलमधल्या शूटिंगमध्ये पट्टे

> ३० एफपीएस, शटर १/६० ठेवलंय. तरी ट्यूबलाइटखाली आडवे पट्टे सरकताना दिसतात. कॅमेरा बिघडलाय का?

कॅमेरा ठणठणीत आहे. आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे जुन्या चोकची ट्यूब सेकंदाला १०० वेळा मंद-तेज होते. १/६० सेकंदात असे पावणेदोनच्या आसपास ठोके बसतात, म्हणजे सेन्सरच्या प्रत्येक ओळीला कमी-जास्त उजेड मिळतो. १/५० ला बरोबर दोन, १/१०० ला एक. शटर १/५० करा, पट्टे जातील. ३० एफपीएस तसंच ठेवलंत तरी चालेल, पण मी २५ घेईन: १/५० त्याला नेमकं जुळतं आणि हालचालही नैसर्गिक दिसते.

उजेड जास्त झाला तर शटर वाढवू नका, आयएसओ उतरवा किंवा एनडी फिल्टर लावा. स्लो मोशनला १२० ऐवजी १०० एफपीएस, शटर १/१००.

एलईडीचं मात्र सांगता येत नाही. डिमरवरच्या पट्ट्या बऱ्याचदा वेगळ्याच वेगाने उघडझाप करतात, तिथे १/५० लाही पट्टे राहू शकतात. आधी डिमर फुल करून बघा. तरीही राहिले तर कॅमेऱ्यात बारीक टप्प्यांचं शटर असल्यास स्क्रीनवर बघत एकेक टप्पा सरकवा. (डेकोरेशनवाला कुरकुरेल, त्याला आधीच सांगून ठेवा.)